गळकी गच्ची: डबा निवडण्याआधी त्यातलं रसायन ओळखा

पहिल्या खेपेला मी गच्चीवर पांढरा ॲक्रिलिक कोट मारून घेतला होता. पावसाने आठवडाभर उघडीप दिली होती, कारागीर मोकळा होता, डब्यावर बरीच वर्षं टिकण्याची हमी छापलेली होती. पुढच्याच पावसात गच्चीभर पुऱ्यांसारखे फुगे आले. एक फुगा टाचणीने फोडला तर आतून पाण्याची चिळकांडी उडाली. पाणी तुंबायच्या जागी तर तो थर उन्हाने जळालेल्या कातडीसारखा सोलून निघाला, आणि खालच्या खोलीतला डाग होता तिथेच राहिला. मालाचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोष डब्यातल्या मालाचा नव्हता. मी चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीच्या जाडीचं रसायन लावून घेतलं होतं.

दुसऱ्या खेपेला कामाची उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी पाणी कुठून जातंय ते शोधलं, मग त्या जागी कोणतं रसायन टिकेल ते ठरवलं, आणि ब्रँडचा विचार सगळ्यात शेवटी केला. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. माझी गच्ची १० मीटर बाय ८ मीटर, काँक्रीटचा स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. तुमच्याकडे कोबा नसेल तर काम सोपं होईल. क्रम मात्र बदलत नाही.

१. पाणी कुठून जातंय ते आधी पकडा

छतावरचा डाग जिथे दिसतो त्याच्या नेमकं वर भोक असेल असं धरून चालू नका. कोबा असलेल्या गच्चीत पाणी वरच्या एखाद्या भेगेतून शिरतं, विटांच्या तुकड्यांमधून स्लॅबच्या पाठीवर उतरतं आणि उताराने वाहत जाऊन स्लॅबला जिथे कमकुवत जागा सापडेल तिथे खाली टपकतं. माझा डाग खोलीच्या मध्याजवळ होता आणि भेग निघाली तीन मीटर लांब, कठड्याच्या कोपऱ्यात.

शोधायची रीत जुनीच आहे: गच्चीचे वाळूच्या पोत्यांनी किंवा विटांच्या बांधाने तीन-चार वाफे करायचे आणि एका वेळी एकाच वाफ्यात ३ ते ५ सेंटिमीटर पाणी भरून २४ तास ठेवायचं. सुरुवात सगळ्यात सखल वाफ्यापासून करा. वरच्या वाफ्यात आधी पाणी भरलं, तर ते आतून सखल बाजूला झिरपतं आणि नंतर कोणता वाफा गळतोय ते कळत नाही. पन्हाळीच्या पाईपचं तोंड असलेला वाफा वेगळाच तपासा. त्यासाठी पाईपमध्ये कापडी गोळा घट्ट बसवायचा. स्लॅब जुना असेल, सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा छत खाली वाकलेलं दिसत असेल, तर पाणी भरायच्या भानगडीत पडू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. १ चौरस मीटरवरचं ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो वजन.

माझ्याकडे दोन जागा सापडल्या. एक, पाईपचं तोंड आणि काँक्रीट यांच्यामधली फट. दोन, कठडा आणि गच्ची यांचा कोपरा. तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, सुटून आली होती. मधली सपाट गच्ची धडधाकट होती. म्हणजे पहिल्या खेपेला मी ज्या ८० चौरस मीटरवर पैसे घातले, त्यातला बहुतेक भाग मुळात गळतच नव्हता.

हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकूनही पाहा. भद्द, पोकळ आवाज आला की तिथे गिलावा सुटलेला असतो. त्या जागेला खडूने वर्तुळ करून ठेवा.

२. गच्चीच्या पोटात किती पाणी आहे ते पाहा

कोणतं रसायन चालेल हे निम्मं तर याच पायरीवर ठरतं. साधारण ४५ सेंटिमीटर बाजूचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन सपाट जागी ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान १६ तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळ उलटेपर्यंत तसाच ठेवायचा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा सिमेंट काळपट दिसत असेल, तर आतून वाफ वर येते आहे. असे चौकोन चार-पाच जागी लावा, त्यात एक तरी सखल भागात.

आठवडाभराच्या उन्हाने गच्ची वरून खडखडीत वाळते, पण कोबा वाळत नाही. वीट स्वतःच्या वजनाच्या १५-२० टक्के पाणी पिऊ शकते आणि वरचा गिलावा ते बाहेर पडू देत नाही. अशा गच्चीवर रबरासारखा थर लावला की ऊन पडल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती थराला खालून ढकलते. माझे फुगे तेच होते.

३. पाच घराणी ओळखून घ्या

दुकानात शंभर नावं असतील, पण गच्चीच्या कामाचा माल मोजक्या घराण्यांत बसतो. घराणं कळलं की तो माल कुठे हरतो तेही कळतं.

ॲक्रिलिक कोटिंग. पाण्यात मिसळलेलं ॲक्रिलिक पॉलिमर, रंगासारखं ब्रशने लागतं, वाळून लवचीक पडदा होतो. ऊन चांगलं सोसतं, पांढरं असल्याने घर थंड ठेवतं, लावायला सोपं. तुंबलेल्या पाण्यात मात्र ते टिकत नाही. पाण्यावर आधारलेला हा पडदा सतत ओला राहिला की पाणी पिऊन मऊ पडतो आणि सुटतो. ज्या गच्चीचा उतार चांगला आहे, जी आतून कोरडी आहे आणि जिथे पाणी तासाभरात निघून जातं, तिथेच हा माल लावा.

पॉलिमर मिसळलेलं सिमेंट कोटिंग. हे दोन भागांत येतं: एक पिशवी सिमेंटयुक्त भुकटीची, एक कॅन दुधासारख्या द्रवाचा. दोन्ही मिसळून ब्रशने लावतात. सिमेंटच असल्यामुळे ते सिमेंटला घट्ट धरतं, ओलसर पृष्ठभागावर चालतं, साचलेलं पाणी सोसतं आणि आतली वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतं. वरून फरशी किंवा गिलावाही करता येतो. लवचीकपणा मात्र पॉलियुरेथेनपेक्षा कमी. रुंद, हलत्या भेगेवर नुसतं हे लावलं तर भेग पुन्हा वर उमटते.

पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. यात लवचीकपणा सगळ्यात जास्त. बारीक हलती भेग सहज पेलतं आणि बरेच प्रकार साचलेलं पाणीही सोसतात. पण त्याला ओल अजिबात खपत नाही. बहुतेक माहितीपत्रकांत पृष्ठभागाची ओल ५ टक्क्यांच्या आत मागितलेली असते. एका भागात येणारं पीयू हवेतल्या बाष्पाने पक्कं होतं आणि तसं होताना वायू सोडतं. थर जाड ओतला किंवा खाली ओल राहिली की वाळलेल्या पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. स्वस्त प्रकार उन्हात पिवळे पडून भुकटी सोडतात. त्यांवर ऊन सोसणारा वरचा कोट लागतोच.

डांबरी पत्रा. पॉलिमर मिसळलेल्या डांबराचे रोल गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवतात. नव्या, कोरड्या स्लॅबवर नीट केलं तर काम उत्तम होतं. जुन्या गच्चीत मात्र एक त्रास आहे. एका सांध्यातून पाणी शिरलं की ते पत्र्याखाली कुठेही फिरतं आणि गळतीचं मूळ पुन्हा सापडत नाही.

स्फटिक बनवणारं रसायन. हे काँक्रीटच्या छिद्रांत शिरून तिथल्या चुन्याशी आणि पाण्याशी मिळून सुईसारखे स्फटिक तयार करतं. टाक्या आणि तळघरांसाठी ते नावाजलेलं आहे. कोब्याच्या गिलाव्यावर मारलं तर वाया जातं, कारण त्याला दाट काँक्रीट हवं. कोबा काढून उघड्या स्लॅबवर मारणार असाल तरच विचार करा, तेही न हलणाऱ्या केसासारख्या भेगांपुरतं.

राहिली ती सिमेंटमध्ये घालायची पातळ द्रव औषधं, ५० किलोच्या पोत्याला २०० मिलिलिटर असं माप असलेली. ती नव्या मालात मिसळण्यासाठी असतात. तीच बाटली पाण्यात घालून गळक्या गच्चीवर शिंपडणारे कारागीर मी पाहिलेत. त्याने काहीही होत नाही.

माझ्या गच्चीचा निकाल आता लागला होता. पोटात ओल, एका बाजूला पाणी तुंबतं आणि वरून वावर आहे. ॲक्रिलिक बाद, पीयू बाद, डांबर बाद. राहिलं दोन भागांचं सिमेंट कोटिंग.

४. धरून ठेवणारी रसायनं वेगळी असतात

लोक कोटिंगवर महिनाभर चर्चा करतात आणि खालचं जोडकाम कारागिरावर सोपवतात. गळती बहुतेक वेळा त्या जोडातूनच होते.

जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवायला सगळ्यात चालणारं रसायन म्हणजे एसबीआर लॅटेक्स, कृत्रिम रबराचं दूध. एसबीआर, पाणी आणि सिमेंट यांची घट्टसर खीर करून ती ब्रशने घासायची आणि ती ओली असतानाच वर नवा माल टाकायचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सकाळी खीर लावून ठेवली आणि दुपारी जेवून आल्यावर माल टाकला, तर मधल्या वेळात रबराचा गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. मग चिकटवणारा थरच सोडवणारा थर होऊन बसतो. खीर वाळली असेल तर ती खरवडून पुन्हा लावायची, वरून पाणी मारून भागत नाही. एसबीआर नुसतंच वरचा कोट म्हणूनही मारू नका. उन्हात ते पिवळं पडून झिजतं.

सुतारकामाचा पांढरा गोंद सिमेंटमध्ये घालायची एक जुनी युक्ती अजून चालते. तो गोंद वाळल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो. गच्चीवर त्याला थारा देऊ नका.

इपॉक्सी दोन भागांचं असतं आणि काँक्रीटपेक्षाही घट्ट धरतं. सळ्या उघड्या पडलेल्या जागी जाड दुरुस्ती करायची असेल, किंवा स्लॅबची न हलणारी भेग आतून जोडायची असेल, तर ते वापरतात. पण ते कडक असतं. रोज उन्हाने फुगणाऱ्या आणि रात्री आकसणाऱ्या भेगेत इपॉक्सी भरलं की तिच्या शेजारी नवी भेग पडते. अशा हलत्या फटीला पीयू सीलंट किंवा पॉलिसल्फाइड सीलंट लागतं. फट सीलंटने तळापर्यंत भरायची नसते. आधी तिच्यात फोमची गोल दोरी दाबायची आणि वर रुंदीच्या साधारण निम्म्या खोलीचं सीलंट भरायचं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद फटीला १० मिलिमीटर. दोरीमुळे सीलंट फक्त दोन भिंतींना चिकटतं आणि रबरासारखं ताणू शकतं. तळालाही चिकटलं तर ते मोकळेपणी ताणत नाही आणि मधून फाटतं.

सिलिकॉन मात्र गच्चीवर आणूच नका. त्यावर कोणतंच कोटिंग धरत नाही, आणि ते खरवडून काढलं तरी त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

५. आता नावांकडे वळू

ठेकेदार ब्रँडच्या नावाने बोलतो, म्हणून कोणतं नाव कोणत्या घराण्यातलं ते माहीत हवं. जी नावं नेहमी कानावर पडतात तेवढीच सांगतो.

एसबीआरसाठी डॉ. फिक्सिटचं पिडिक्रीट यूआरपी आणि फॉसरॉकचं नायटोबॉन्ड एसबीआर. ठेकेदार नुसतं «यूआरपी» म्हणाला तर तो एसबीआरबद्दल बोलतोय असं समजा. कोणत्याही कंपनीच्या एसबीआरला यूआरपी म्हणायची सवय पडली आहे. दोन भागांच्या सिमेंट कोटिंगमध्ये डॉ. फिक्सिट फास्टफ्लेक्स, फॉसरॉकचं ब्रशबॉन्ड आणि सिकाचं सिकाटॉप सील १०७. ॲक्रिलिकमध्ये डॉ. फिक्सिट न्यूकोट आणि एशियन पेंट्सचं डॅम्प प्रूफ. पीयूमध्ये फॉसरॉकचं नायटोप्रूफ ६००. सीलंटमध्ये सिकाफ्लेक्स पीयूचं, तर फॉसरॉकचं थायोफ्लेक्स ६०० पॉलिसल्फाइडचं. न आकसणारा ग्राउट हवा असेल तर फॉसरॉकचं कॉनबेक्स्ट्रा आणि सिकाग्राउट. स्फटिकवाल्यांत झायपेक्स आणि पेनेट्रॉन. पोत्यामागे २०० मिलिलिटरवालं द्रव म्हणजे डॉ. फिक्सिट एलडब्ल्यू प्लस.

इथे एक खाचखळगा आहे. एकाच नावाखाली वेगवेगळी रसायनं विकली जातात, फरक फक्त मागच्या आकड्यात किंवा अक्षरात असतो. सिकालास्टिक हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यातलं ५६० पाण्यावर आधारलेलं पीयू-ॲक्रिलिक मिश्रण आहे आणि ६१२ हवेतल्या बाष्पाने पक्कं होणारं पीयू. कोटेशनवर नुसतं «सिकालास्टिक» लिहिलं असेल तर तुम्हाला काय मिळणार हे तुम्हालाच ठाऊक नाही. पूर्ण नाव, आकड्यासकट, लिहून घ्या.

एकाच घराण्यातल्या नामांकित कंपन्यांच्या मालात गच्चीपुरता मोठा फरक मला दिसला नाही. तुमचा कारागीर कोणता माल वर्षानुवर्षं वापरतोय ते विचारा आणि शक्य तो तोच घ्या. त्याच्या हाताला त्या मालाचं प्रमाण आणि वाळायचा वेळ बसलेला असतो. मात्र घराणं बदलू देऊ नका. सिमेंट कोटिंग सांगितलं आणि तो «त्यापेक्षा हे भारी आहे» म्हणत पीयू काढू लागला, तर तुमचे प्लास्टिकचे चौकोन त्याला दाखवा.

६. हातात हे कागद आणि ही अवजारं हवीत

कागदांत प्रत्येक मालाचं तांत्रिक माहितीपत्रक सगळ्यात महत्त्वाचं. कंपनीच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. त्यातले चार मुद्दे पेनाने अधोरेखित करा: एका चौरस मीटरला किती माल, पृष्ठभाग कोरडा हवा की ओलसर, दोन कोटांमधलं अंतर, आणि साचलेल्या पाण्यात चालतं की नाही. चौथ्या मुद्द्याबद्दल पत्रक गप्प असेल तर उत्तर नाही असं धरा. शिवाय आकड्यासकट मालाची नावं, कोटांची संख्या आणि एकूण किलो किंवा लिटर लिहिलेलं कोटेशन, बिल, आणि प्रत्येक डब्यावरच्या बॅच क्रमांकाचा व मुदतीच्या तारखेचा फोटो. उन्हात पडलेलं जुनं लॅटेक्स दह्यासारखं फुटतं; असा डबा परत करा.

अवजारं कारागीर आणतो, पण दोन गोष्टी स्वतः आणा. एक वजनकाटा. दोन भागांचा माल अर्धाच कालवायचा असेल तर भुकटी आणि द्रव वजनानेच मोजावे लागतात. दुसरी, ओल्या थराची जाडी मोजायची दातेरी पट्टी. बाकी तारेचा ब्रश, छन्नी-हातोडा, मंद फिरणारा मिक्सर, जाड केसांचे ब्रश आणि काचतंतूंची जाळी.

७. माल किती लागेल ते स्वतः काढा

पहिल्या खेपेला मी हा हिशोब केला नव्हता, आता करून दाखवतो. गच्ची ८० चौरस मीटर. कोटिंग कठड्यावर ३० सेंटिमीटर चढवायचं असतं. कठड्याची लांबी ३६ मीटर, म्हणजे आणखी जवळजवळ ११. एकूण ९१ चौरस मीटर.

एक चौरस मीटरवर एक लिटर ओतलं की ओला थर बरोबर एक मिलिमीटर होतो. पण ॲक्रिलिकमधलं पाणी उडून जातं आणि फक्त घन भाग उरतो. माझ्या मालात आकारमानाने निम्मा घन भाग होता. वाळून एक मिलिमीटर हवा तर चौरस मीटरला दोन लिटर, म्हणजे १८२ लिटर, २० लिटरचे दहा डबे. कारागिराने आणले होते चार. ८० लिटर ९१ चौरस मीटरवर पसरले की वाळून साडेचार दशांश मिलिमीटरसुद्धा राहत नाही. «दोन कोट» त्याने खरंच मारले होते, खोटं बोलला नव्हता. कोट मोजून काही कळत नाही, डबे मोजा.

सिमेंट कोटिंग वजनात मोजतात. एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण पावणेदोन किलो लागतो; नेमका आकडा तुमच्या पत्रकात पाहा. मी दीड मिलिमीटर धरला, म्हणजे चौरस मीटरला २.६ किलो आणि एकूण २३७ किलो. खडबडीत जागा आणि जाळीचे जोड यांसाठी दहा टक्के वाढवून २६० किलो मागवला. रिकाम्या पिशव्या आणि कॅन काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगितलं.

८. कामाचा क्रम

*तोडणे.* सोललेलं जुनं कोटिंग पूर्ण खरवडलं. त्याच्या कडा शिल्लक राहिल्या की नवा थर त्यांच्यासकट सुटतो. पाईप आणि कोपरा यांच्याभोवतीचा साधारण १५ चौरस मीटर कोबा स्लॅबपर्यंत काढला. विटांचे तुकडे हातात घेतले तर चिंब, स्लॅबवर अक्षरशः पाणी उभं होतं. तो खड्डा तीन आठवडे उघडा ठेवला, आणि उरलेल्या कोब्यातलंही पाणी त्यात उतरत राहिलं. रोज सकाळी स्पंजने टिपून काढायचो. कारागीर घाई करत होता, पण हा वेळ खर्चाशिवाय मिळणारं सगळ्यात मोठं औषध आहे. कोबा सगळीकडेच पोकळ वाजत असेल तर अर्धवट काढू नका, पूर्णच काढा.

*पाईपचं तोंड.* सिमेंट पीव्हीसीला धरत नाही, म्हणून या जागी फट पडतेच. पाईपचा बाहेरचा भाग पॉलिश पेपरने घासून खरखरीत केला, भोवतालचं सैल काँक्रीट काढलं, न आकसणारा ग्राउट ओतला आणि वरच्या कडेला पाईपभोवती खाच ठेवून ती पीयू सीलंटने भरली. ग्राउट पूर्ण वाळल्यावरच सीलंट भरायचं.

*वाटा आणि उतार.* काढलेल्या जागी एसबीआरची खीर, लगेच वर एसबीआर मिसळलेला माल, आणि उतार १ मीटरला १ सेंटिमीटर. कोपऱ्यात ५ सेंटिमीटरचा वाटा. काटकोनात कोटिंग ताणलं जातं आणि तिथेच चिरतं, म्हणून वाटा आधी करायचा. नवा माल सात दिवस ओला ठेवला.

*कोटिंग.* लावण्याआधी पृष्ठभागावर पाणी मारा आणि वर उभं राहिलेलं पाणी पुसून काढा. सिमेंट गडद दिसलं पाहिजे, चकाकता कामा नये. कोरड्या सिमेंटवर लावलं तर ते कोटिंगमधलं पाणी शोषून घेतं आणि थराची भुकटी होते. कालवताना द्रवात भुकटी हळूहळू घाला. माल जड वाटला की कारागीर वरून पाणी घालतो. उभं राहून तेवढं थांबवा, कारण त्या तांब्याभर पाण्याने थराची ताकदच जाते. पाईप आणि वाटा यांवर पहिल्या ओल्या कोटात जाळी बुडवली. दुसरा कोट दुसऱ्या दिवशी, पहिल्याला आडव्या दिशेने. भर दुपारी काम करू नका, कोट वाळण्याआधीच करपतो.

*पाण्याची परीक्षा.* सात दिवस थांबून पूर्ण गच्चीत ४८ तास पाणी ठेवलं. ही परीक्षा पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि वर काहीही बसवू नका.

९. फरशी बसवणार असाल तर

फरशी आणि तिच्या फटीतला ग्राउट, अगदी इपॉक्सी ग्राउटसुद्धा, वॉटरप्रूफिंग नसतं. पाणी अडवायचं काम खालचं कोटिंग करतं, फरशी त्याला ऊन आणि वावरापासून वाचवते. फरशी लावायचं रसायन पिशवीवरच्या वर्गावरून निवडा: सी२ म्हणजे जास्त पकडीचं, एस१ म्हणजे थोडं वाकणारं. गच्चीला दोन्ही हवेत. रॉफ, एमवायके लॅटिक्रीट, आर्डेक्स एंड्युरा या सगळ्यांकडे असा माल आहे, पण त्यांच्याकडे घरातल्या फरशीचा साधा मालही त्याच रांगेत ठेवलेला असतो. फरशीच्या पाठीलाही माल लावून पूर्ण भरीव बसवा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवली तर खालच्या पोकळीत पाणी साचतं. दर तीन-चार मीटरला आणि कठड्यालगत एक फट ग्राउटऐवजी पीयू सीलंटने भरा. वाळलेल्या ॲक्रिलिकवर किंवा गुळगुळीत पीयूवर फरशी चिकटवू नका. पीयूवर लावायचीच असेल तर शेवटचा कोट ओला असताना त्यावर कोरडी वाळू पेरावी लागते.

१०. खालून काही करू नका, फक्त खूण करा

छताला आतून वॉटरप्रूफ रंग मारून देतो, असं कोणीतरी सांगेलच. त्याने डाग झाकला जातो, पाणी स्लॅबमध्ये कोंडतं आणि आतल्या सळ्या गंजत राहतात.

काम झाल्यावरही माझ्या छताचा डाग जवळपास दोन महिने ओलसर राहिला. उरलेल्या कोब्यातलं आणि स्लॅबमधलं जुनं पाणी बाहेर पडत होतं. हे जुनं पाणी की नवी गळती, हे ओळखायला पाण्याच्या परीक्षेआधीच डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. पाऊस पडल्यावर डाग रेघेबाहेर सरकला तर गळती आहे. आत आत आकसत गेला तर वाळतो आहे, रंगाऱ्याला बोलवायची घाई करू नका. माझ्या छतावर एकात एक अशा पाच रेघा झाल्या होत्या, मगच रंग लावला.